वरचा बोटभर पाक

गुलाबजाम चार दिवस बाहेर राहिले तरी काही होत नाही, रसगुल्ला मात्र दुसऱ्या दिवशीच विटतो, असं आचारी मंडळी छातीठोकपणे सांगतात. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत जंतू मोजण्याचं काम करताना हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरचा पहिला शब्द बोलला की पुढचं वाक्य मला येतं. रसगुल्ल्याबद्दल त्यांचं बरोबर असतं. माझं भांडण आहे ते गुलाबजामच्या चार दिवसांशी.

साखर टिकवते, हे खोटं नाही. मोरावळा वर्षभर बरणीत राहतो तो साखरेच्याच जोरावर. पण मोरावळ्याचा पाक आणि गुलाबजामचा पाक यांत फरक आहे. साखर पाण्याला धरून ठेवते. पाणी दिसायला तिथेच असतं, पण जंतूंना ते ओढून घेता येत नाही. किती पाणी त्यांच्यासाठी मोकळं उरलंय ते एका आकड्यात सांगतात. साध्या पाण्याचा हा आकडा १. शंभर ग्रॅम पाकात चाळीस ग्रॅम साखर असेल तर तो ०.९६ च्या आसपास येतो, साठ ग्रॅम असेल तर ०.९० च्या आसपास. अन्न नासवणारे बरेचसे जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. म्हणजे साठ टक्क्यांचा पाक कसाबसा कुंपणावर बसलेला असतो, आणि चाळीस टक्क्यांच्या पाकाला कुंपणच नसतं. कायद्याने जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात, ते उगाच नाही.

रसगुल्ल्याचा पाक पातळ ठेवावाच लागतो. किलोभर साखरेला दीड लिटर पाणी घेतलं की बरोबर चाळीस टक्के होतात. छेन्याचे गोळे त्यात खळखळ उकळताना फुगतात, आणि पाक आटत चालला की आचारी वरून गरम पाण्याचा हबका मारत राहतो. पाक घट्ट झाला तर गोळा आतून स्पंजासारखा होत नाही, चामट राहतो. म्हणजे चांगला रसगुल्ला हवा असेल तर न टिकणारा पाक पत्करावाच लागतो. डबाबंद रसगुल्ला महिनोन्‌महिने टिकतो, पण त्यातल्या साखरेमुळे नाही. हवा बंद करून डबा उष्णता देऊन निर्जंतुक केलेला असतो म्हणून. डबा फोडला की तो दुकानातल्या सुट्या रसगुल्ल्याइतकाच नाजूक. फोडलेला डबा तसाच ओट्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी ‘कंपनीचा माल आहे’ म्हणून निर्धास्तपणे खाणारे लोक मी पाहिलेत.

गुलाबजामचा पाक दाट. किलोला लिटर घेतलं तर सुरुवातीला पन्नास टक्के, आणि त्यातलं साधारण एक तृतीयांश लिटर पाणी आटवलं की साठ. बोटांना चिकटतो, पण तार धरत नाही, अशा टप्प्यावर उतरवतात. एकतारी झाला तर तो जामच्या आत शिरत नाही आणि थंड झाल्यावर वर साखर धरते. तर भट्टीवरून उतरला तेव्हा पाक साठ टक्के होता, हे आचारी सांगतो ते खरंच असतं. पण नंतर त्यात जाम पडतात. जाम साखर आत ओढतात आणि त्यांच्यातलं पाणी बाहेर येतं. हे रात्रभर चालतं. सकाळी तोच पाक मोजला तर पंचावन्नच्या घरात आलेला सापडतो, आणि पंचावन्नला मघाचा आकडा ०.९२ होतो. कुंपण ओलांडलं. हे कोणी केलेलं नसतं, कोणी काही मिसळलेलं नसतं. पदार्थ जसा व्हायला हवा तसाच झालेला असतो.

आता ज्या प्रकरणामुळे हे लिहितेय ते सांगते. मिरजेकडचं लग्न, मे महिना. केटरर वयाने मोठे, व्यवसायात मुरलेले, आणि स्वतःहून फोन करणारे, म्हणजे मनात शंका असलेले. पंगतीऐवजी बुफे होता. लग्न रविवारी दुपारी झालं. बुधवारी सकाळी त्याच घरी सत्यनारायण आणि दीडशे पानं. उरलेले गुलाबजाम आणि रसगुल्ले कार्यालयाच्या कोठीघरात होते. घरच्या मावशींचं म्हणणं होतं की एवढा माल टाकायचा कशाला, पूजेला वाढा. मंगळवारी दुपारी मी तिथे पोहोचले तेव्हा कोठीघरात पंखासुद्धा नव्हता.

तीन भांडी होती. रसगुल्ल्यांची प्लॅस्टिकची झाकणाची बादली, गुलाबजामचा एक मोठा टोप अर्ध्याहून कमी भरलेला, आणि दुसरा टोप काठोकाठ, लग्नात न उघडलेला.

बादलीकडे आधी वळले. झाकण काढल्यावर वास आला तो गुलाबपाण्याचा. केटरर म्हणाले, “बघा मॅडम, वास कसा ताजा आहे.” सुगंध घातलेल्या मिठाईत नाकावर विसंबू नये हे मी तेव्हाही सांगितलं आणि अजूनही सांगते. गुलाबपाणी, केवडा, वेलची ही सगळी पहिल्या दिवसाची आंबूस झाक सहज झाकतात. त्यापेक्षा डोळ्यांनी बघावं. बादलीच्या कडेला, पाक प्लॅस्टिकला टेकतो तिथे, खसखशीएवढ्या बुडबुड्यांची एक रांग होती. बोटाने फोडली, काही मिनिटांनी पुन्हा धरली. पाक काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरला तर धुरकट दिसला. मग चमचा बुडवून वर उचलला, आणि चमच्याच्या टोकापासून पाकाची वीतभर तार लोंबली.

त्या तारेवर केटरर खूश झाले. “पाक चांगला जमलाय, तार धरतोय.” इथे मला त्यांना थांबवावं लागलं. साखर मोजायच्या यंत्रावर तो पाक छत्तीस टक्के दाखवत होता. छत्तीस टक्क्यांचा पाक पाण्यासारखा वाहतो. साखरेची तार धरायला तो सत्तरच्या पुढे जायला लागतो. मग ही तार कसली? काही जिवाणू साखर खाऊन तिचा चिकट गोंद बनवतात. साखर कारखान्यात तोडून पडलेल्या शिळ्या उसाच्या रसात हाच गोंद होतो आणि गाळण्या तुंबवतो. आपल्या भागात साखर कारखान्यात काम केलेला कोणीही माणूस त्याला शिव्या देईल. पातळ पाकाने तार धरली तर पुढे काही तपासायची गरजच नाही. रसगुल्ले तिथल्या तिथे बाद झाले आणि त्यावर कोणी वादही घातला नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये सुट्या मिठाईवर ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ असं लिहिणं दुकानांना बंधनकारक केलं, तेव्हा मार्गदर्शनासाठी दिलेल्या यादीत रसगुल्ल्यासारख्या बंगाली मिठायांना दोन दिवस दिले होते. मे महिन्यातल्या बिनपंख्याच्या कोठीत ते दोन दिवसही फार झाले.

खरी चर्चा झाली ती अर्ध्या टोपावर.

झाकण उचललं तेव्हा मी ते आडवं न करता सरळ वर घेतलं आणि उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला थेंब दाटले होते. गुलाबजाम गरम असतानाच झाकण ठेवलं की वाफ झाकणाला धरते, तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा टोपात टपकतं. हे पाणी पाकात लगेच मिसळत नाही. दाट पाक जड असतो, पाणी हलकं. ते वरच तरंगतं आणि हळूहळू वरच्या थराला पातळ करतं. कोणी ढवळलं नाही तर हा थर दिवसच्या दिवस तसाच राहू शकतो. मी ड्रॉपरने टोपाच्या मध्यातून, खोलवरून पाक घेतला: चोपन्न टक्के. मग ड्रॉपरचं टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून घेतला. पहिल्या वेळी यंत्राच्या काचेवर तुपाचा थेंब आल्याने रेघच दिसेना. तळणीचं तूप वर तरंगतं, त्यामुळे हे नेहमीच होतं. काच पुसून तुपाच्या डागाशेजारून पुन्हा घेतलं: सदतीस.

एकाच टोपात, बोटभर अंतरावर, गुलाबजामचा पाक आणि जवळजवळ रसगुल्ल्याचा पाक. आचाऱ्याने विश्वासाने सांगितलेला साठचा आकडा यातल्या कुठल्याच थरात उरला नव्हता, आणि वरच्या थरात तर जंतूंना हवं ते सगळं होतं. त्या थरात पाच-सहा जाम डोकी वर काढून बसलेले. त्यांच्या वरच्या भागावर फिकट पांढरी झाक होती.

पांढरं दिसलं की बुरशी म्हणायची घाई करू नये. गुलाबजामवर तीन पांढऱ्या गोष्टी दिसू शकतात. साखर धरली असेल तर कण चकाकतात, नखाला करकरतात आणि कोमट पाण्यात विरघळतात. वनस्पती तूप गोठलं असेल तर मेणासारखं दिसतं, बोटाच्या उबेने वितळतं. हे थंडीत किंवा फ्रिजमध्ये होतं, मे महिन्यात नाही. आणि बुरशी असेल तर भिंगातून तिचे धागे दिसतात आणि पुसली तर खालचा भाग मऊ, ओलसर लागतो. इथे मात्र चौथाच प्रकार होता: धागे नाहीत, चकाकी नाही, पिठूळ ओला पापुद्रा. यीस्ट. दाट साखरेतही जगणारी यीस्टची एक जात आहे. ती सावकाश वाढते, पण साठ-पासष्ट टक्क्यांनाही दाद देत नाही, आणि वर पातळ थर मिळाला तर तिचं काम सोपं होतं. वाढली की साखरेचा मद्यार्क आणि वायू करते. तळाशी बसलेले मुरलेले जाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वर तरंगायला लागले तर काही वेळा त्यामागे हाच वायू असतो.

केटररांचा उपाय तयार होता. “वरचे दहा-पंधरा काढून टाकू, पाक गाळून एक उकळी आणू, थोडी साखर घालून पुन्हा साठावर नेऊ. जाम त्यात सोडले की नव्यासारखे.” हा उपाय वेडगळ नाही. यीस्ट उकळीने मरते, आणि भीती फक्त यीस्टची असती तर मीही कदाचित फार ताणलं नसतं. आंबलेल्या पाकाने चव बिघडते, माणूस सहसा आजारी पडत नाही. म्हणून मी वेगळाच प्रश्न विचारला: हा टोप बुफेच्या टेबलावर गेला होता का?

वाढपी मुलगा दारातच उभा होता. केटररांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, टोप गेला नव्हता, पण टेबलावरच्या भांड्यात उरलेले जाम जेवणं आटोपल्यावर यात परत ओतले. आणि गर्दीत पळी खाली पडल्यावर थोडा वेळ हातानेच वाढत होतो, हेही त्याने न विचारता सांगितलं. मुलगा प्रामाणिक होता, त्याला कोणी रागावू नये म्हणून मी पुढचं बोलणं केटररांशीच केलं.

माणसाच्या नाकात, कातडीवर, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू असतो. बाकीचे जिवाणू ०.९१ ला थांबतात, हा मात्र हवेत ०.८६ पर्यंत तग धरून वाढू शकतो. म्हणजे गोड आणि खारट पदार्थांत, जिथे बाकीच्यांची गर्दी नसते, तिथे याला मोकळं रान मिळतं. वाढताना तो विष सोडतो. जिवाणू उकळीने मरतो, विष मरत नाही. पाक पुन्हा उकळला, जाम पुन्हा सोडले, जंतूंची संख्या शून्यावर आली, तरी ते विष तसंच पाहुण्यांच्या पोटात जातं आणि जेवणानंतर काही तासांत उलट्या सुरू होतात. त्याला वास नाही, चव नाही, बुडबुडे नाहीत. नासलेलं कळतं ते बहुतेक यीस्टमुळे आणि बुरशीमुळे. त्यामुळे ती दोघं दिसली नाहीत म्हणजे माल चांगला, असा हिशेब मांडता येत नाही. परत आलेला, हाताळलेला, उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर राहिलेला टोप उकळून वाचवता येत नाही. तो टाकला.

राहिला दुसरा टोप. त्याने मला खरं अडचणीत आणलं, कारण तो चांगला होता. आचाऱ्याने हा टोप भरला तेव्हा गडबडीत झाकण सापडलं नव्हतं म्हणून वर धुतलेला पंचा बांधला होता. वाफ पंच्यातून निघून गेली. वर आणि खाली दोन्हीकडे सत्तावन्न टक्के. पाक स्वच्छ, जाम सगळे खाली बसलेले, एक फोडून पाहिला तर आत एकसारखा मुरलेला, मध्ये कच्ची कोरडी गाठ नाही. ही गाठ बघावीच लागते, कारण पाक गाठीपर्यंत पोहोचला नसेल तर तिथे साखर कमी आणि तळताना उष्णताही कमी पोहोचलेली. जाम बाहेरून कितीही तजेलदार असो, तो मधून नासायला लागतो.

मावशी म्हणाल्या, “मग हे तरी वाढायचे ना?”

मी नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं. नमुने मी घेतले होते, पण स्टॅफिलोकॉकस वाढवायच्या बशीला अठ्ठेचाळीस तास लागतात, यीस्ट आणि बुरशीला पाच दिवस. पूजा उद्या. निकाल हातात येईपर्यंत प्रसाद पोटात गेलेला असेल. सत्तावन्न टक्क्यांच्या पाकाला त्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी मी हमी देऊ शकत नाही, आणि पूजेच्या पंगतीत म्हातारी माणसं, लहान मुलं, एखादी गरोदर मुलगी असतेच. मावशींना ते पटलं नाही. त्यांनी पूजेला शिरा केला, आणि केटररांनी नवे जाम तळून पाठवले, पैसे न घेता, असं नंतर कळलं.

निकाल असे आले. पहिल्या टोपाच्या वरच्या थरात यीस्ट मोजता येणार नाही इतकी, खोलवर नगण्य. वरच्याच थरात स्टॅफिलोकॉकसच्या त्या ओळखीच्या काळ्या वसाहती, भोवती स्वच्छ वलय असलेल्या. रसगुल्ल्यांतही त्या होत्या. पंचा बांधलेल्या टोपात मात्र काहीच लक्षात घेण्याजोगं नव्हतं. हे मोजताना एक खबरदारी घ्यावी लागते: दाट पाकात वाढलेली यीस्ट साध्या पाण्यात पातळ केली तर त्या धक्क्याने बरीचशी मरते आणि बशी खोटं प्रशस्तिपत्र देते, म्हणून पातळ करायचं द्रावणही साखरेचंच घेतात. ते घेऊनही तो टोप स्वच्छच निघाला. केटररांना अहवाल पाठवल्यावर त्यांचा फोन आला. “म्हणजे चांगलेच होते की हो!” होते. मी तेच म्हटलं. बुधवारी सकाळी ते आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच पुढे जोडलं.

त्यांनी मात्र त्या अहवालाचा माझ्यापेक्षा चांगला उपयोग केला. त्यांच्याकडे आता गरम टोपावर झाकण ठेवत नाहीत. निवेपर्यंत मलमल, मग झाकण. जाम वर डोकं काढू नयेत म्हणून आत जाळीची स्टीलची ताटली दाबून ठेवतात. टेबलावरून आलेला माल वेगळ्या भांड्यात जातो आणि त्याच दिवशी संपतो किंवा टाकला जातो. ओली पळी टोपात घालणाऱ्याला आचारी स्वतः ओरडतो. आणि टोप निवला की थेट शीतगृहात, कारण वरचं सगळं केलं तरी ते बाहेर ठेवण्याचा परवाना होत नाही. यामुळे फक्त थोडी सवलत मिळते: कार्य लांबलं, गाडी उशिरा आली, वीज गेली, अशा वेळी काही तासांची.

घरी लोक गुलाबजाम फ्रिजबाहेर ठेवतात ते बहुतेक वेळा आळसाने नाही, तर ते फ्रिजमध्ये कडक होतात म्हणून. मैद्यातला स्टार्च थंडीत ताठरतो आणि तूप गोठतं, दोन्ही गरम केल्यावर परत मऊ होतात. तेव्हा डबा फ्रिजमध्येच ठेवावा आणि लागतील तेवढे कोरड्या चमच्याने काढून पाकासकट कोमट करावेत. काढलेले परत डब्यात टाकू नयेत. रसगुल्ला गरम करायची गरज नाही, अर्धा तास आधी बाहेर काढला की पुरे, पण फ्रिजमध्येही तो दोन दिवसांत संपवावा.

आणि जाम संपल्यावर उरलेल्या पाकाचं काय, हे मला दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच. त्याच दिवशीचा, चमचे न बुडालेला पाक असेल तर उकळून, गाळून शंकरपाळ्यांच्या पिठात घालावा. वेलचीची चव आयती मिळते. दोन दिवस ओट्यावर राहिलेला असेल तर मोरीत ओतावा, वर गरम पाणी टाकावं, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते.